शनी-चंद्र युती : संक्रांतीच्या पहाटेची एक पत्रिका

नमस्कार श्रोतेहो. लग्नाची बोलणी अगदी जुळत आलेली असतात आणि कुणीतरी म्हणतं, "मुलाच्या पत्रिकेत विषयोग आहे हो." तेवढ्यावर बैठक मोडते. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून आज हा योग वाचायचा कसा, तेच सांगतो.

शनी आणि चंद्र एका राशीत आले की विषयोग झाला म्हणतात. आता चंद्र एका राशीत जेमतेम सव्वादोन दिवस राहतो आणि सुमारे सत्तावीस दिवसांत बारा राशी फिरून येतो. म्हणजे शनी ज्या राशीत आहे, तिथून तो दर महिन्याला जाणारच. ढोबळमानानं बारा माणसांत एकाच्या पत्रिकेत ही युती सापडते. नुसत्या नावानं घाबरण्यात अर्थ नाही. दोघांत अंतर किती अंशांचं, चंद्र वाढता की घटता, युती कोणत्या भावात, म्हणजे पत्रिकेच्या कोणत्या घरात, आणि त्या राशीचा स्वामी कुठे बसलाय, हे पाहिल्याशिवाय फळ सांगूच नये. एकाच राशीत वीस-पंचवीस अंश लांब असलेल्या शनी-चंद्राला मी तरी फार वजन देत नाही. अंतर पाच अंशांच्या आत असेल तर मात्र नीट बसून पाहतो.

एक पत्रिका मांडू. जन्म सोलापूरचा, १४ जानेवारी १९९७, पहाटे सहाच्या सुमाराचा. गावात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरलेली. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, धनू. शनी आणि चंद्र दोघेही मीनेत, उत्तराभाद्रपदा नक्षत्रात, एकमेकांना अगदी खेटून. धनू लग्नाला मीन हे चौथं स्थान, म्हणजे आई, घर आणि मनाची स्वस्थता. चंद्र स्वतःही आईचा आणि मनाचा कारक. त्यावर शनी बसला की पहिलं वाचन आईच्या कष्टांचं करायचं. आपल्याकडे मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी आई आणि शाळेतून आल्यावर शेजारी बसून बंडलं बांधणारं पोर अनेकांनी पाहिलंय. असं पोर हट्ट करत नाही. घरात काय नाही, हे त्याला न सांगता कळतं. मोठेपणीही ते मनातलं बोलत नाही आणि दुसऱ्यांची ओझी स्वतःहून उचलतं.

लहानपणच जड का, याचंही कारण पत्रिकेत आहे. चंद्राच्या मागच्या, चंद्राच्या आणि पुढच्या राशीत शनी असतो तेव्हा साडेसाती. ज्याच्या चंद्राजवळच शनी आहे, तो जन्मतो तोच साडेसातीच्या मधल्या टप्प्यात. या मुलाची ती २००० सालच्या जूनपर्यंत चालली. शिवाय उत्तराभाद्रपदा हे शनीचं नक्षत्र, म्हणून जन्मतःच शनीची महादशा, म्हणजे शनीच्या अमलाचा एकोणीस वर्षांचा काळ. त्यातून चंद्रानं नक्षत्राचा जेवढा भाग ओलांडला तेवढी वर्षं वजा करायची. इथे बारा ते चौदा उरतात. म्हणजे जवळजवळ सगळं बालपण शनीच्या अमलाखाली गेलं.

इथे थांबलात तर वाचन अर्धवट राहील, आणि नेमके इथेच बरेचजण थांबतात. चंद्र पौष शुद्ध पक्षातला, वाढता आहे. मीनेचा स्वामी गुरू त्या दिवशी मकरेत, नीच राशीत, म्हणजे जिथे तो सगळ्यात दुबळा असतो. पण मकर शनीची आणि मीन गुरूची, म्हणजे दोघांनी एकमेकांची घरं घेतली. हा परिवर्तन योग. तो दुसऱ्या आणि चौथ्या स्थानाचा आहे, कुटुंबाचा पैसा आणि घर यांचा. नीच गुरूच्या राशीचा स्वामी शनी चंद्रापासून केंद्रातच, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्यांपैकी एका घरात असल्यानं नीचभंगही होतो, गुरूचा दुबळेपणा मोडतो. त्यामुळे मी असं वाचेन : घर उशिरा होईल, पण स्वतःच्या कमाईचं होईल, आणि आईला त्यात सुखानं राहता येईल.

हाच मुलगा आता पुन्हा साडेसातीत आहे. २९ मार्च २०२५ पासून शनी परत मीनेत, त्याच्या जन्मचंद्रावर आणि स्वतःच्या जन्मस्थानावरही आलाय. जून २०२७ मध्ये तो मेषेत शिरेल, वक्री होऊन मागे येईल आणि २०२८ च्या सुरुवातीला मेषेत कायमचा जाईल. एवढा काळ अशा माणसानं नवी कर्जं आणि दुसऱ्याची जामीनकी टाळावी. सोमवारी सिद्धेश्वराला जावं, आईजवळ रोज थोडा वेळ बसावं. महागड्या शांतीची गरज मला इथे दिसत नाही. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पत्रिका बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. तो निदानाचा विषय आहे, दशेचा नाही.