एक हुंडी, एक खिडकी आणि बारा शून्यं

[पडद्यावर: तपकिरी रंगाची एक नोट, अगदी जवळून]

ही जर्मनीची १००० मार्कांची नोट. तारीख १५ डिसेंबर १९२२. नीट पाहा, मूळ छपाईवर लाल शाईत दुसरी ओळ उमटवली आहे: एक मिलियार्ड मार्क. मिलियार्ड म्हणजे १०० कोटी. नोट छापून झाली आणि ती वापरात येईपर्यंत हजाराला काही किंमतच उरली नाही. नवा ठसा कोरायला वेळ नव्हता, म्हणून १९२३ च्या सप्टेंबरात जुन्याच नोटेवर लाल शिक्का मारून तिची किंमत दहा लाख पट केली.

त्या महिन्याच्या सरासरी दराने या शिक्क्याच्या नोटेला साधारण १० डॉलर मिळत. २० नोव्हेंबरला एका डॉलरसाठी अशा ४२०० नोटा मोजाव्या लागत होत्या. पहिल्या महायुद्धाआधी हाच डॉलर ४ मार्क २० फेनिगला मिळायचा.

सरकारने नोटा छापल्या म्हणून हे झालं, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. पण छापायच्या कशा, आणि छपाई एकदा सुरू झाली की थांबत का नाही, हे त्या काळच्या कागदपत्रांतून पायरीपायरीने दिसतं. त्याची सुरुवात छापखान्यात झाली नाही, एका हुंडीपासून झाली.

[पडद्यावर: बर्लिन, जर्मनीची मध्यवर्ती बँक असलेल्या राइश्सबँकेची इमारत]

सरकारचा खर्च जमेपेक्षा जास्त झाला की अर्थखातं एक कागद लिहून देतं: तीन महिन्यांनी आम्ही इतकी रक्कम देऊ. ही कोषागार हुंडी, म्हणजेच ट्रेझरी बिल. लोकांनी, बँकांनी ती आपल्या शिलकीतून विकत घेतली, तर ते साधं कर्ज. एकाच्या हातातला पैसा दुसऱ्याच्या हातात गेला, बाजारातली एकूण रक्कम तेवढीच राहिली. पण तीच हुंडी मध्यवर्ती बँकेच्या खिडकीवर वटवली, तर बँक बदल्यात नव्या नोटा देते. त्या नोटा पगार, पेन्शन, ठेकेदारांची बिलं यांतून बाजारात उतरतात. त्यांच्यासोबत नवा माल मात्र येत नाही.

जर्मनीत या खिडकीला पूर्वी कुलूप होतं. चलनातल्या नोटांच्या एक तृतीयांश किमतीचं सोनं आणि तत्सम तारण तिजोरीत ठेवावं लागे, आणि उरलेल्या भागाला व्यापाऱ्यांच्या खऱ्या मालावर लिहिलेल्या हुंड्यांचा आधार लागे. ४ ऑगस्ट १९१४ ला, युद्ध पेटताच, कायदे बदलले. नोटेच्या बदल्यात सोनं देणं बंद झालं, आणि सरकारची स्वतःची हुंडीही नोटांचा आधार म्हणून चालेल असं ठरलं. म्हणजे सरकारने वचन लिहायचं आणि त्याच वचनाच्या जोरावर बँकेने नोट काढायची. पुढे जे घडलं त्याची सगळी वाट इथे मोकळी झाली.

तरीही लगेच काही कोसळलं नाही. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगायची राहून जाते. युद्धात आणि त्यानंतर भाव चढले हे खरं, पण १९२० च्या वसंतापासून १९२१ च्या मध्यापर्यंत ते जवळजवळ स्थिर होते. तूट चालूच होती, हुंड्याही वटत होत्या. मात्र मार्क पुन्हा सावरेल अशी लोकांची आणि परदेशी गुंतवणूकदारांचीही आशा होती. त्यामुळे छापलेली नोट कुणीतरी जपून ठेवत होतं. जपून ठेवलेली नोट भाव वाढवत नाही. सरकारचा खर्च खरं तर हे नोटा साठवणारे लोक उचलत होते, फक्त ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मे १९२१ मध्ये दोस्त राष्ट्रांनी १३२ अब्ज सुवर्णमार्कांच्या युद्धभरपाईचा आकडा ठरवला. भरपाई सोन्यात किंवा परकीय चलनात द्यायची होती. मार्क स्वतः छापता येतात, डॉलर छापता येत नाहीत. म्हणून हुंडी वटवायची, मिळालेले मार्क बाजारात विकायचे आणि परकीय चलन घ्यायचं. मार्क घसरत गेला. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांची हत्या झाली, आणि मार्क सावरण्याची जी काही आशा होती ती संपली. इतकी वर्षं साठवलेले मार्क लोकांनी बाहेर काढले. आता प्रत्येकाला नोट हातातून लवकर घालवायची होती.

[पडद्यावर: कोरा कागद, त्यावर हाताने मांडलेला हिशेब]

इथून पुढचं गणित जरा सावकाश पाहू, कारण सापळा याच गणितात आहे.

अर्थशास्त्रात महिन्याला ५० टक्के भाववाढीपासून पुढे अतिमहागाई मानतात. आज १०० ला मिळणारी वस्तू महिनाभराने १५० ला, दोन महिन्यांनी २२५ ला. याच वेगाने वर्षभर चाललं तर ती जवळजवळ १३ हजारांना, म्हणजे १३० पट.

आता सरकारची जमा बघा. आज १०० मार्कांचा कर आकारला आणि भरायला दोन महिन्यांची मुदत दिली. दोन महिन्यांनी खजिन्यात १०० मार्क आले, पण त्यांतून पूर्वीच्या ४४ मार्कांइतकीच खरेदी होते. वर्षभराच्या उत्पन्नावरचा कर पुढच्या वर्षी भरला, तर शंभरातला एकसुद्धा पुरता हाती लागत नाही. कर चुकवावाही लागत नाही, नुसता उशिरा भरला तरी पुरे. मजुरांच्या पगारातून कर आधीच कापला जाई, पण कापलेली रक्कम मालक काही काळ स्वतःकडे ठेवून मग भरत. त्यामुळे मजुराने पूर्ण किंमत मोजली आणि सरकारला उरलासुरला कागद मिळाला.

खर्चाचं मात्र उलट. पगार, कोळसा, धान्य यांचे पैसे आजच्या भावाने द्यावे लागतात. म्हणजे छपाईने भाव वाढतात, भाव वाढले की कराची खरी किंमत घटते, ती घटली की तूट वाढते, आणि वाढलेली तूट भरायला आणखी हुंड्या वटवाव्या लागतात. तूट महागाईचं कारण होती, तशीच आता महागाई तुटीचं कारण झाली. ऑक्टोबर १९२३ पर्यंत करांतून सरकारी खर्चाचा जेमतेम शंभरावा भाग निघत होता.

[पडद्यावर: र्‍हूर खोऱ्यातल्या बंद खाणी]

त्याआधीच, ११ जानेवारी १९२३ ला, भरपाई थकली म्हणून फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य र्‍हूरमध्ये शिरलं. देशाचा कोळसा आणि पोलाद तिथलं. सरकारने लोकांना काम बंद ठेवायला सांगितलं आणि घरी बसलेल्या कामगारांचा खर्च स्वतःवर घेतला. माल बंद, कर बंद, खर्च दुप्पट. पैसे त्याच खिडकीतून आले.

राइश्सबँकेचे अध्यक्ष रुडोल्फ हावेनश्टाइन मेहनती, निष्ठावान अधिकारी होते. त्यांची चूक दुष्टपणाची नव्हती, आणि म्हणूनच ती समजून घेण्यासारखी आहे. त्यांच्या मते भाव वाढत होते ते भरपाईमुळे आणि डॉलरच्या दरामुळे. छपाई भावांच्या मागून धावत होती. आणि बाहेर त्यांना खरोखरच नोटांचा तुटवडा दिसत होता. पगाराला रोकड नाही, कारखाने आणि नगरपालिका आपापल्या नोटा काढताहेत. मग जास्त छापायला नको का? १३३ छापखाने आणि १७८३ यंत्रं कामाला लागली, ३० हून अधिक गिरण्या नुसता कागद पुरवत होत्या.

१७ ऑगस्ट १९२३ ला त्यांनी आकडे जाहीर केले. रोज २० लाख कोटी मार्क छापले जातात, पुढच्या आठवड्यात ४६ लाख कोटी होतील. एकूण चलन ६३ लाख कोटी, म्हणजे लवकरच त्याच्या दोन तृतीयांश इतकी भर एका दिवसात घालता येईल. हे त्यांनी कामगिरी म्हणून सांगितलं.

त्या ६३ लाख कोटींना ऑगस्टच्या सरासरी दराने, डॉलरला ४६ लाख मार्क, भागून पाहा. साधारण १ कोटी ३७ लाख डॉलर! एका मोठ्या औद्योगिक देशातल्या सगळ्या नोटांची एकत्र किंमत एवढीच. नोटांची संख्या आभाळाला भिडली होती आणि त्यांची खरी किंमत जवळपास शून्यावर आली होती, कारण नोट कुणी तासभरही ठेवायला तयार नव्हतं. मजुरी रोजच्या रोज मिळू लागली, आणि हातात पडताच लोक दुकानाकडे धावत. पैसा जितका वेगाने फिरतो तितके भाव छपाईच्याही पुढे जातात, आणि छापणाऱ्याला पुन्हा टंचाईच दिसते. छपाईतून सरकारला मिळणारा खरा माल दर आठवड्याला आटत होता. सप्टेंबरात डॉलरची सरासरी ९ कोटी ८९ लाख, ऑक्टोबरात २५०० कोटींच्या वर.

आयुष्यभर बचत करणाऱ्यांचं काय झालं, ते एका आकड्यात कळतं. जनतेकडून घेतलेल्या सुमारे १५ हजार ४०० कोटी मार्कांच्या युद्धकर्जाची किंमत नोव्हेंबरात, १९१४ च्या पैशात, १५ फेनिग झाली. सरकार कर्जमुक्त झालं. ते पैसे म्हातारपणासाठी ठेवणाऱ्यांचे होते.

[पडद्यावर: रेंटेनमार्कची पहिली नोट]

२६ सप्टेंबरला चान्सेलर श्ट्रेझेमान यांनी र्‍हूरमधला असहकार थांबवला. १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं, शेती आणि उद्योगांच्या मालमत्तेवरच्या गहाणखतांच्या आधारावर. ते तारण विकून कुणाला सोनं मिळणार नव्हतं, त्यामुळे जमिनीने चलन वाचवलं असं म्हणणं मला पटत नाही. कामाला आली ती मर्यादा: एकूण नोटा किती काढायच्या आणि सरकारला कर्ज किती द्यायचं, यांवर कायद्याने बंधन घातलं. सरकारला १२० कोटी रेंटेनमार्क, त्याहून जास्त नाही. आणि त्याच वेळी राइश्सबँकेने सरकारी हुंड्या वटवणं बंद केलं. १९१४ ला उघडलेली खिडकी मिटली.

१ रेंटेनमार्क म्हणजे १ लाख कोटी जुने मार्क. २० नोव्हेंबरला डॉलर ४ लाख २० हजार कोटींवर थांबवला. बारा शून्यं खोडली की पुन्हा तोच युद्धापूर्वीचा दर, ४.२०. योगायोगाने हावेनश्टाइन त्याच दिवशी वारले.

पुढच्या महिन्यांत चलनातल्या नोटा कित्येक पटींनी वाढल्या, तरी भाव स्थिर राहिले. लोक नोट पुन्हा खिशात ठेवू लागले होते. दुसरीकडे कर सोन्याच्या हिशेबाने आकारले गेले, त्यामुळे उशीर करून काही हाती लागेना, आणि सरकारी नोकरवर्गात २५ टक्के कपात करण्याचा आदेश ऑक्टोबरातच निघाला होता. ती कपात हजारो घरांना सोसावी लागली.

डिसेंबरात १२० कोटींची मर्यादा गाठली गेली. अर्थखात्याने आणखी कर्ज मागितलं. रेंटेनमार्क काढणाऱ्या रेंटेनबँकेने नकार दिला, आणि सरकारला कर वाढवून, खर्च कापूनच पुढचे महिने काढावे लागले.