शुगर नॉर्मल, तरी रात्री तळपायांची आग का होते?

नमस्कार. उन्हाळा सुरू झाला की तुमचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "शुगर नॉर्मल आहे, तरी रात्री तळपाय जळतात. पायावर चादरसुद्धा सहन होत नाही." त्याखाली इतर प्रेक्षकांची उत्तरंही ठरलेली: उष्णता वाढलीय, काशाच्या वाटीनं तूप चोळा, मेंदी लावा. वाटीनं बरं वाटत असेल तर जरूर चोळा. पण आग महिनोन् महिने टिकली, तर दुखणं बहुतेक वेळा नसांमध्ये, म्हणजे मज्जातंतूंमध्ये असतं.

पायांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यात लांब, म्हणून त्रास आधी बोटांत आणि तळव्यांत सुरू होतो. रात्री मन गुंतवायला काही नसतं आणि पांघरुणाची ऊब मिळते, म्हणून तो तेव्हा जास्त जाणवतो.

आता एक उदाहरण घेऊ. वय ४८, शाकाहारी, बरीच वर्षं रोज संध्याकाळी तीन पेग, आणि ॲसिडिटीची गोळी कायमची चालू. उपाशीपोटी शुगर ९२. कुणीतरी सांगितलं म्हणून बी-१२ची पाच इंजेक्शनं घेतली, आणि मग रक्त तपासलं. रिपोर्ट आला ११००. निष्कर्ष काढला: बी-१२ भरपूर आहे, कारण दुसरंच काहीतरी.

इथेच गाडी अडते. कृपा करून रक्त आधी द्या, इंजेक्शन नंतर घ्या. त्या ११०० मध्ये दिसतंय ते कालपरवा टोचलेलं औषध. आधी पातळी १५० होती की ४००, हे आता त्या आकड्यावरून कळत नाही. गोळ्यांचंही तसंच. बी-कॉम्प्लेक्स चालू असताना रक्त दिलं, तर निदान डॉक्टरांना तसं सांगा. पातळी साधारण २०० ते ३०० मध्ये आली तर ती काठावरची. तिथे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारी मिथाइलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन ही द्रव्यं तपासून कमतरता खरी आहे का ते पाहतात. आणि कमतरता सिद्ध न होताच महिनोन् महिने "नसांच्या गोळ्या" खाऊ नका. त्यांपैकी काहींत बी-६ जास्त मात्रेत असतं, आणि बी-६ दीर्घकाळ जास्त झालं तर त्यानंच नसा खराब होतात. म्हणून परत सांगते: आधी रक्त.

या माणसाचं बी-१२ कमी असण्याची कारणं समोरच आहेत: शाकाहार, आणि ॲसिड दाबणारी गोळी, जिच्यामुळे अन्नातलं बी-१२ नीट सुटत नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. दारू नसांना थेट इजा करते. शिवाय पिणाऱ्याचं जेवण कमी होतं आणि आतड्यांतून बी-१ म्हणजे थायमिन कमी शोषलं जातं. पेग चालू ठेवून फक्त इंजेक्शनं घेतली तर आग शमत नाही. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद करू नये. हात थरथरणं, फिट येणं असे धोके असतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

दुसरी तक्रार: "एनसीव्ही केली, नॉर्मल आली, डॉक्टर म्हणाले काही नाही." एनसीव्ही म्हणजे नसांतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणारी तपासणी, आणि ती जाड नसांची. आग आणि थंड-गरम जाणवून देणाऱ्या बारीक तंतूंचं नुकसान तिच्यात दिसतच नाही. अशा रुग्णाच्या घोट्यामागे हातोडी मारल्यावर येणारे झटके ठीक असतात, पण टाचणीची टोच आणि थंड स्पर्श तळव्यावर बोथट लागतो. खात्री करायची तर घोट्याच्या वर सुमारे १० सेंटिमीटरवरून ३ मिलिमीटर त्वचेचा तुकडा घेऊन तंतू मोजतात. ही सोय सगळीकडे नाही. बऱ्याचदा तपासणी आणि लक्षणांवरूनच निदान होतं. "मनाचे खेळ" म्हणून सोडून देऊ नका.

शुगरबद्दल एवढंच: फक्त उपाशीपोटीची पुरेशी नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९ आली, तर मधुमेह नसूनही नसांना त्रास होऊ शकतो. सोबत थायरॉइड आणि क्रिएटिनिन पाहा. टीबीची आयसोनायझिड चालू असेल तर ते सांगा, कारण तिच्यामुळे बी-६ कमी पडतं.

कारण दूर केलं तरी नसा हळूहळू भरतात, महिने लागतात, आणि जुनं नुकसान कधीकधी पूर्ण भरत नाही. तोवर आग कमी होऊन झोप लागावी म्हणून ॲमिट्रिप्टिलिन, प्रीगॅबालिन किंवा ड्युलोक्सेटिन अशी औषधं डॉक्टर देतात. पाय बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. बधिर त्वचेला इजा झालेली कळत नाही. नळाचं गार पाणी चालेल.

आणि एकाच पायात आग असेल, पायातली ताकद कमी होत असेल, त्वचेवर बधिर चट्टा असेल, किंवा अंधारात चालताना तोल जात असेल, तर उन्हाळा संपायची वाट पाहू नका. याच आठवड्यात दाखवा.