सत्ताविभाजनाचा प्रश्न आणि अडीचशे शब्द

२०२० सालची केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा. सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर. त्यातल्या एका प्रश्नाचा आशय असा होता: न्यायालयांनी कायदे करणं हे भारतीय संविधानाला अभिप्रेत असलेल्या सत्ताविभाजनाच्या तत्त्वाविरुद्ध आहे. या संदर्भात, सरकारी यंत्रणांना मार्गदर्शक तत्त्वं घालून द्यावीत अशी मागणी करणाऱ्या असंख्य जनहित याचिकांचं समर्थन करा. गुण पंधरा, मर्यादा अडीचशे शब्दांची.

प्रश्न नीट वाचला की अडचण लक्षात येते. पहिल्या वाक्यात न्यायालयावर आरोप आहे आणि दुसऱ्या वाक्यात त्याच न्यायालयाकडे धाव घेणाऱ्यांची बाजू मांडायला सांगितलं आहे. घाईत वाचणारे इथे दोन याद्या करतात. न्यायालयीन सक्रियतेचे फायदे, मग तोटे, आणि शेवटी 'सुवर्णमध्य साधायला हवा'. वरवर हे उत्तर संतुलित दिसतं. पण त्यात युक्तिवाद नसतो, कारण कोणता हस्तक्षेप योग्य आणि कोणता अयोग्य, हे लिहिणाऱ्याने कुठेच ठरवलेलं नसतं.

सुरुवात प्रश्नातल्याच शब्दांपासून करावी: 'भारतीय संविधानाला अभिप्रेत'. संविधान सभेत के. टी. शहा यांनी डिसेंबर १९४८ मध्ये सुचवलं होतं की, कायदेमंडळ, कार्यकारी यंत्रणा आणि न्यायसंस्था या तिन्ही अंगांचं संपूर्ण विभाजन संविधानात स्पष्ट लिहावं. डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला आणि सभेने ती दुरुस्ती फेटाळली. आपल्याकडे मंत्री हे कायदेमंडळाचेच सदस्य असतात, त्यामुळे अमेरिकेसारखी भिंत इथे उभी राहणारच नव्हती. कलम ५० आहे खरं, पण ते न्यायसंस्थेला कार्यकारी यंत्रणेपासून वेगळं करण्यापुरतंच बोलतं. ते संपूर्ण सत्ताविभाजनाचं कलम म्हणून लिहिलं, तर जाणकार परीक्षकाला पहिल्याच परिच्छेदात शंका येते.

मग आपल्याकडे विभाजन आहे का? १९५५ च्या रामजवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. मामला पंजाब सरकारच्या शालेय पाठ्यपुस्तकांचा होता. न्यायालय म्हणालं, संविधानाने हे तत्त्व अगदी काटेकोर स्वरूपात स्वीकारलेलं नाही, पण एका अंगाने दुसऱ्याचं मूळ काम बळकावणंही त्याला मान्य नाही. उत्तराचा पाया या वाक्यात आहे. एकमेकांच्या हद्दीला हात लागणं चालतं, दुसऱ्याचं मूळ कामच ताब्यात घेणं चालत नाही. म्हणून पुढचा प्रश्न असा: हे ओळखायचं कसं?

त्यासाठी एक खटला जवळून पाहू. १९९२ साली राजस्थानात बालविवाह रोखण्याचं काम करणाऱ्या एका 'साथिनी'वर सामूहिक बलात्कार झाला. ती हे काम सरकारी कार्यक्रमासाठीच करत होती. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ रोखणारी यंत्रणा देशात कुठल्याच कायद्यात नव्हती. फौजदारी कलमं होती, पण ती गुन्हा घडून गेल्यावरची. तक्रार कार्यालयात कुणाकडे करायची, मालकाची जबाबदारी काय, यावर कायदा गप्प होता.

१३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने विशाखा खटल्याचा निकाल दिला. आज ऑफिसांतून जिला 'विशाखा समिती' म्हणतात, तिचं मूळ या निकालात आहे. न्यायालयाने आधार घेतला तो समानता, व्यवसायस्वातंत्र्य आणि जीविताच्या मूलभूत हक्कांचा, आणि भारताने स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा. केंद्र सरकारची संमती घेतली. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ही तत्त्वं संसद कायदा करेपर्यंतच लागू राहतील, असं स्पष्ट लिहिलं. हक्क मूलभूत होता, कायद्याची जागा रिकामी होती, आणि ती भरून काढण्याचा संसदेचा अधिकार शाबूत ठेवला होता.

आता दुसरी बाजू, आणि तीही याच खटल्यातून. कायदा यायला २०१३ उजाडलं. मधल्या काळात किती ठिकाणी समित्या बनल्याच नाहीत, हे २०१२ मध्ये मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर निकाल देताना खुद्द न्यायालयालाच नोंदवावं लागलं. न्यायालय तत्त्वं लिहू शकतं, पण ती राबवायला त्याच्याकडे ना निरीक्षक असतात ना निधी. तात्पुरती सोय सोळा वर्षं टिकली, आणि न्यायालयाने वेळ निभावून नेल्यामुळे संसदेला घाई उरली नाही, असा आक्षेपही घेता येतो. माझ्या मते तो गंभीर आहे आणि उत्तरात यायलाच हवा. आपल्याच बाजूच्या सर्वोत्तम उदाहरणातली उणीव जो दाखवतो, त्याच्या निष्कर्षावर विश्वास बसतो.

याच्या शेजारी महामार्गावरच्या दारूबंदीचा निकाल ठेवा. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. हेतू रस्त्यावरचे मृत्यू कमी करण्याचा होता, केंद्राच्या सल्ल्याचा आधारही होता. पण दारू हा राज्यसूचीतला विषय आहे आणि परवान्याचे नियम राज्यांकडे आधीपासून होते. जागा रिकामी नव्हती. पुढे काय झालं पाहा. ३१ मार्च २०१७ ला न्यायालयाने वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी अंतर २२० मीटर केलं. जुलैमध्ये स्पष्ट केलं की, शहरांच्या हद्दीतल्या परवानाधारकांना आदेश लागू नाही. दरम्यान काही राज्यांनी रस्त्यांचा महामार्ग हा दर्जाच काढून टाकला.

पाचशे की दोनशेवीस, हा आकडा कायद्याच्या अर्थातून निघत नाही. महसूल, रोजगार आणि अपघात यांची तोलामोल करून तो ठरवावा लागतो, आणि हे काम निवडून आलेल्यांचं आहे. न्यायालयाला स्वतःचा आदेश पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो, तेव्हा ते धोरणाच्या प्रांतात शिरलं असल्याची ती मोठी खूण असते.

या दोन खटल्यांतून कसोटी हाती येते. मूलभूत हक्क पणाला लागला आहे का? कायद्यात खरोखर पोकळी आहे का? आदेश कायदा येईपर्यंतचाच आहे का? विशाखा या तिन्हींवर टिकतो. महामार्गाचा निकाल दुसऱ्या प्रश्नावरच अडखळतो.

अडीचशे शब्दांत बसवताना संविधान सभा आणि रामजवाया मिळून पन्नास शब्द पुरतात. विशाखाला त्यातल्या उणिवेसह शंभर द्यावेत, महामार्गाला साठ. केशवानंदपासून सगळ्या खटल्यांची नावं ओळीने लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. नुसत्या नावाने काहीच सिद्ध होत नाही. उरलेल्या चाळीस शब्दांत निष्कर्ष, आणि तो प्रश्नातल्या दोन्ही वाक्यांना उत्तर देणारा हवा. उदाहरणार्थ असा:

'न्यायालयाने कायमस्वरूपी कायदा करणं सत्ताविभाजनाच्या विरोधात आहे, हे विधान मान्य. मात्र कायद्याअभावी मूलभूत हक्क निराधार राहत असेल, तर कायदा येईपर्यंत मार्गदर्शक तत्त्वं मागणाऱ्या याचिका समर्थनीय ठरतात. जिथे कायदा आहे आणि वाद केवळ धोरणाचा आहे, तिथे त्या विधिमंडळाकडे वळवाव्यात.'