वेग दुप्पट, ब्रेकचं अंतर चौपट

श्रोतेहो, नमस्कार.

कागल ते शिरोली या पट्ट्यात महामार्गावर रोज गाडी चालवणारा कुणी ओळखीचा असेल, तर त्याला आज एक प्रश्न विचारा. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक दाबल्यापासून ९ मीटरवर थांबते. मग तीच मोटार ८० ने जात असेल, तर किती मीटरवर थांबेल? बहुतेक जण क्षणभर विचार करून '१८' म्हणतील. वेग दुप्पट, म्हणून अंतर दुप्पट. ऐकायला बरोबर वाटतं, पण उत्तर ३६ मीटर आहे. आपली एसटी साधारण ११-१२ मीटर लांब असते. ४० च्या वेगाला एक एसटीसुद्धा पुरी लागत नाही आणि ८० च्या वेगाला एकामागे एक तीन एसट्या उभ्या कराव्या लागतात.

हे आकडे कोरड्या डांबरी रस्त्याचे, बऱ्यापैकी टायरचे आणि चारही चाकांचे ब्रेक चांगले असलेल्या गाडीचे आहेत. आता हे चौपट येतं कुठून, ते बघू. जवळ कागद असेल तर घ्या, नसेल तर नुसतं ऐकलंत तरी चालेल. गणित चौथीच्या मुलाला जमेल एवढंच आहे.

ब्रेक करकचून दाबला की अशा रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी २५ किलोमीटरने उतरतो. 'दर सेकंदाला' हे शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. ब्रेक वेग कापतो तो सेकंदांच्या हिशेबाने, मीटरच्या हिशेबाने नाही. गाडी ८० ने जात होती. पहिल्या सेकंदात ती ५५ वर आली. त्या सेकंदात तिचा सरासरी वेग साडेसदुसष्ट होता, म्हणजे एवढ्यातच ती जवळजवळ १९ मीटर पुढे गेली. दुसऱ्या सेकंदात ५५ वरून ३०. गेले १२ मीटर. तिसऱ्यात ३० वरून ५. गेले ५ मीटर. उरलेला ५ चा वेग पाव सेकंदाच्या आत संपतो, त्याला वीतभर जागा लागते. बेरीज करा, ३६ मीटर.

यातला पहिला सेकंद नीट बघा. थांबायच्या एकूण अंतरातलं निम्म्याहून जास्त अंतर त्याने खाल्लं आणि तेवढं जाऊनही गाडीचा वेग अजून ५५ आहे. याउलट ४० च्या वेगाने निघालेल्या गाडीच्या वाट्याला हा महागडा सेकंद येतच नाही. तिची सुरुवातच स्वस्तात होते.

हेच एका वाक्यात सांगायचं तर असं: ८० च्या गाडीला थांबायला दुप्पट वेळ लागतो, आणि त्या दुप्पट वेळात ती सरासरी दुप्पट वेगाने जात असते. दोन दुणे चार. वेग तिप्पट केला तर तीन त्रिक नऊ, म्हणजे अंतर नऊपट. शाळेत भौतिकशास्त्राच्या तासाला हेच गतिज ऊर्जेतून शिकवतात. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण मात्र दर मीटरला ठरावीकच ऊर्जा काढून घेतं. मग चौपट ऊर्जा काढायला चौपट मीटर लागणारच.

आता इथे एक दुरुस्ती करायला हवी, नाहीतर तुम्ही रस्त्यावर मोजायला गेलात तर आकडे जुळणार नाहीत. चौपट होतं ते ब्रेक लागल्यानंतरचं अंतर. पण समोर काहीतरी दिसणं, ते ओळखणं, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून ब्रेकवर नेणं, यालाही वेळ जातो. जागरूक माणसालासुद्धा दीड सेकंद धरावा. मोबाईलवर डोळे असतील तर हिशेबच सोडून द्या. या दीड सेकंदात गाडी पूर्ण वेगानेच जात असते, त्यामुळे हे अंतर वेगाबरोबर फक्त दुप्पट होतं: ४० ला साधारण १७ मीटर, ८० ला ३३. दोन्ही भाग मिळवले तर ४० ची गाडी २६ मीटरवर थांबते आणि ८० ची ६९ वर. हे चौपट नाही, पावणेतीनपटीच्या आसपास आहे. वेग जसजसा वाढतो तसा चौपटीचा भाग मोठा होत जातो. ४० ला विचाराचं अंतर ब्रेकच्या अंतराच्या जवळपास दुप्पट असतं, तर ८० ला ब्रेकचं अंतर पुढे निघून जातं.

आता आपल्याकडचाच एक प्रसंग घेऊ. दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले, हंगाम सुरू झाला. रात्री महामार्गाच्या डाव्या कडेला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी आहे. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. समोरून वाहनं येतायत, म्हणून तुमचे दिवे डिपरवर. ट्रॉली दिसली तेव्हा ती ४६ मीटरवर होती. बाजूने काढायला जागा नाही.

पहिली गाडी ६० ने येते. विचारात २५ मीटर गेले, ब्रेकमध्ये २०. ४५ मीटरवर गाडी थांबली. बॉनेट आणि उसाच्या मोळ्यांत हातभर जागा उरली. चालकाला घाम फुटला असेल, पण एवढंच.

दुसरी गाडी त्याच रस्त्यावर, त्याच ब्रेकची, तेवढ्याच जागरूक चालकाची, ८० ने येते. विचारात ३३ मीटर गेले. ब्रेक लागला तेव्हा ट्रॉली राहिली जेमतेम १३ मीटरवर. आता ती कितीच्या वेगाने धडकेल? मनाशी अंदाज करा. लोक सहसा २० किंवा फार तर ३० म्हणतात, कारण '६० वाला थांबला, हा त्याच्यापेक्षा २० ने जास्त होता' असा सरळ हिशेब डोक्यात असतो. प्रत्यक्षात ती धडकते ६४ च्या वेगाने. पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीचा वेग पहिलीच्या मूळ वेगापेक्षाही जास्त आहे! मघाशी बघितलेला महागडा पहिला सेकंदसुद्धा तिला पुरता मिळाला नाही.

आता याच रस्त्यावर पाऊस घाला. आपल्याकडचा जुलैचा पाऊस काय असतो, ते तुम्हाला सांगायला नको. ओल्या डांबरावर टायरची पकड निम्म्याच्या जवळ येते आणि ब्रेकचं अंतर पावणेदोनपट होतं. ४० ला ९ च्या जागी १६ मीटर, ८० ला ३६ च्या जागी ६३. ओल्यातही दोन आकड्यांमधली चौपट तशीच आहे. म्हणजे पाऊस नियम बदलत नाही, फक्त सगळं लांब करतो. त्याच ४६ मीटरमध्ये थांबायचं तर कोरड्यात ६० चालले होते, ओल्यात ५० च चालतील. शेतातून रस्त्यावर चढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला चिखल असेल तर ५० सुद्धा जास्त. त्या पट्ट्यात टायर आणि डांबर यांच्यामध्ये तिसरीच वस्तू येऊन बसलेली असते. गोटा झालेल्या टायरचंही असंच; कोरड्यात त्याचा दोष कळत नाही, पाण्यात लगेच कळतो, कारण पाणी बाहेर काढायला त्याला खाचाच नसतात.

ट्रकवाले हमखास विचारतात, 'आमची गाडी भरलेली असते, मग आमचं अंतर जास्त का नाही धरायचं?' प्रश्न चांगला आहे. वजन दुप्पट झालं तर थांबवायची ऊर्जा दुप्पट होते, पण टायर रस्त्यावर दुप्पट दाबला जाऊन पकडही दुप्पट मिळते. दोन्ही एकमेकांना फिटतात. म्हणून कागदावर वजनाचा संबंध राहत नाही. अट एकच, प्रत्येक चाकाच्या ब्रेकला ती पकड पुरेपूर वापरता आली पाहिजे. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकना ते जमत नाही, आणि तिथे भरलेल्या ट्रकचं गणित बिघडतं.

पण उसाच्या डबल ट्रॉलीत ते सुरुवातीपासूनच बिघडलेलं असतं. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना, आणि त्या चाकांवर साऱ्या लांबलचक गाड्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा आहे असं धरू. मग थांबवणारी पकडही पाचवा हिस्सा आणि अंतर पाचपट. ताशी २० ला मोटारीला सव्वादोन मीटर लागतात, या गाड्याला ११. उतारावर घाईत तो ४० ला गेला तर ११ चे चार पट, म्हणजे निदान ४४ मीटर, तेही नुसते ब्रेकचे. शिवाय मागच्या ट्रॉल्या पुढे ढकलत असतात, ट्रॅक्टर वाकडा व्हायची भीती असते, म्हणून जाणता चालक ब्रेक पुरा दाबतच नाही. त्याच्या नाकासमोरून मोटारसायकल घुसवणाऱ्याला वाटतं की ट्रॅक्टर हळू आहे, थांबेल. त्या हळू वेगाला किती जागा लागते, हे चालकालाच माहीत असतं.

हा सगळा हिशेब उलटाही चालतो. अपघातानंतर रस्त्यावर उमटलेल्या टायरच्या काळ्या पट्ट्यांची लांबी मोजतात, ती यासाठीच. कोरड्या डांबरावर ९ मीटरची खूण म्हणजे ४० च्या आसपास वेग, ३६ मीटरची म्हणजे ८० च्या आसपास. पट्टा चौपट लांब, वेग दुप्पट. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. ते चाक पुरतं अडकू देत नाही, त्यामुळे खूण पुसट आणि तुटक उमटते आणि मोजताना तिची सुरुवात सापडत नाही. आणि पट्ट्याच्या शेवटी गाडी थांबलेली नसून कशावर तरी आदळलेली असेल, तर पट्टा सांगतो तो फक्त घर्षणाने काढून घेतलेला वेग. मघाच्या आपल्या दुसऱ्या गाडीने मागे सोडलेली खूण फार तर १३ मीटरची असती. नुसत्या खुणेवरून हिशेब केला तर वेग ५० च्या आत येतो, आणि गाडी तर आली होती ८० ने. म्हणून अशा वेळी पट्ट्यावरून काढलेला आकडा कमीत कमी म्हणून धरतात, आणि वरचा वेग चेपलेल्या पत्र्यावरून शोधतात.

नमस्कार.