ऑफिसातला केक आणि संकष्टी

दुपारचे चार वाजलेत, मीटिंगच्या टेबलावर केक ठेवलाय, शेजारी समोसे आणि वेफर्स. आज कुळकर्णी साहेबांचा वाढदिवस आहे आणि तुमची संकष्टी. हे नाव उदाहरणापुरतं. असा प्रसंग मात्र बहुतेक ऑफिसांत दर महिन्याला कुणावर तरी येतोच.

यजमानाला राग येतो तो न खाल्ल्याचा नव्हे. सगळ्यांसमोर पुढे केलेला हात रिकामा परत येतो, तो त्याला लागतो. म्हणून सांगण्याची वेळ महत्त्वाची. केक कापल्यावर साहेब तुकडा घेऊन तुमच्या तोंडाजवळ आले आणि मग तुम्ही ‘उपास आहे’ म्हणालात, तर उशीर झाला. सकाळी शुभेच्छा द्यायला जाल तेव्हाच सांगून टाका: ‘साहेब, आज संकष्टी आहे, पण चारला मी येणार. केक कापताना फोटोत मी हवाच.’ यात नकार आहे, पण तो शुभेच्छांच्या पोटात गेला. शिवाय जो प्लेटा भरतो त्यालाही सांगा, कारण खरा आग्रह तिथेच सुरू होतो.

आता ‘नको’ कसं म्हणायचं? उपासाची एक सोय अशी की त्याला सुटायची वेळ असते. संकष्टी चंद्रोदयाला सुटते, आपल्याकडे साधारण रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान. श्रावणी सोमवार पुष्कळ घरांत संध्याकाळी सोडतात. एकादशीचं पारणं दुसऱ्या दिवशी, द्वादशीला. म्हणजे तुम्हाला ‘नको’ म्हणायचंच नाही, ‘माझा वाटा चंद्रोदयानंतर’ म्हणायचं आहे. मग वाटा खरोखरच घ्या, नाहीतर ते नुसतं बोलणं ठरतं.

इथेच बहुतेकांची चूक होते. क्रीमचा केक डब्यात घालून बॅगेत ठेवतात. पाच तास बाहेर, त्यात लोकलची गर्दी. रात्री डबा उघडला की क्रीम वितळून आंबूस वास येतो. ऑफिसात फ्रिज असेल तर तुकडा नाव लिहून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खा. फ्रिज नसेल तर केकचा आग्रह सोडा, पेढा किंवा सुकी बर्फी मागून घ्या. दुधाचा पेढा बहुतेक घरांत उपासाला चालतोच, तेव्हा तो तिथल्या तिथे तोंडात टाकता येईल. फक्त ‘बिनअंड्याचा आहे हो’ या आग्रहाला फसू नका: अंडं नसलं तरी मैदा असतोच. वेफर्सचंही तसंच. बटाटा चालतो, पण मसाल्याच्या वेफर्समध्ये हळद, हिंग अशा वस्तू असू शकतात आणि त्या कित्येक घरांत वर्ज्य. पाकिटाची मागची बाजू वाचा.

तुकडा थेट तोंडाशी आलाच तर मान मागे घेऊ नका, फोटोत तेवढंच दिसतं. उजवा हात वर आणा, तुकडा हातावर घ्या, हसून साहेबांनाच भरवा. त्यांचा मान राहतो आणि उपासही.

प्रसादाचं मात्र वेगळं. ऑफिसात सत्यनारायण असेल तर रव्याच्या शिऱ्याला ‘उपास आहे’ म्हणून हात आखडू नये. दोन्ही हातांनी घ्यावा, कपाळाला लावावा आणि कागदात बांधून ठेवावा. उपास सुटल्यावर किंवा घरच्यांना. कुणी काही म्हणत नाही.

आता पथ्यवाले. मधुमेह असेल किंवा डाएट चालू असेल तर ‘उपास आहे’ अशी थाप मारायचा मोह होतो. ती फार टिकत नाही. मंगळवारी संकष्टी म्हणून केक टाळला आणि बुधवारी कँटीनमध्ये कुणी विचारलं, ‘काल काय खाल्लंत उपासाला?’ की गाडी अडते. पथ्याला सुटायची वेळ नसते, म्हणून तिथे ‘नंतर’ चालत नाही. एक वाक्य पुरे: ‘मला गोड बंद आहे, चहा मात्र बिनसाखरेचा घेईन.’ हातात कप असला की आग्रह निम्मा होतो. रिकाम्या हाताच्या माणसापुढेच प्लेट येते. साखरेचे आकडे, डॉक्टरांची फी, सोडलेले किलो हे सगळं सांगू नये. वाढदिवसाच्या टेबलावर कॅलरींचं भाषण म्हणजे खाणाऱ्या बाकीच्यांना टोमणाच.

‘एवढ्याने काय होतंय?’ हा शेवटचा वार. त्याला उत्तर देत बसू नका. उपास असेल तर ‘पुढच्या वेळी दुप्पट घेईन’ म्हणा, पथ्य असेल तर नुसतं हसा, आणि लगेच विषय बदला: ‘केक कुठून आणलात?’