तुटक्या तांबड्या पेशी: एकच काच, दोन आजार

नमस्कार श्रोतेहो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे रोगी फारसा न बघता त्याच्या रक्ताची काच बघणारा डॉक्टर. आज अशाच दोन काचा तुमच्यासमोर ठेवतो. नाव-गाव कोणाचं नाही, नमुन्यादाखल घेतल्या आहेत, पण अशा काचा आमच्याकडे येतात.

पहिली काच चौतीस वर्षांच्या एका बाईची. तीन-चार दिवस थकवा, पायांवर बारीक जांभळे ठिपके, आणि आज सकाळपासून बोलताना शब्द सापडेनासे झाले. हिमोग्लोबिन 7, प्लेटलेट 11 हजार. दुसरी काच चार वर्षांच्या मुलाची. आठवड्यापूर्वी जुलाब सुरू झाले, मग त्यात रक्त दिसलं. जुलाब आता ओसरलेत, पण मूल फिकट पडलंय आणि लघवी कमी झाली आहे. हिमोग्लोबिन पुन्हा 7च्या आसपास, प्लेटलेट 60 हजार.

ऑइल इमर्शन भिंगाखाली काच सरकवायची ती पेशी एकमेकींवर चढलेल्या नाहीत अशा पातळ भागात. निरोगी तांबडी पेशी गोल असते आणि मध्ये फिकट असते. इथे मात्र मध्येच एखादी त्रिकोणी दिसते, एखादी शिरस्त्राणासारखी, म्हणजे एका बाजूला गोलाई आणि दुसऱ्या बाजूला सरळ कापलेली कड. एखादीला दोन शिंगं फुटलेली. बहुतेक तुकड्यांचा मधला फिकटपणा गेलेला असतो. या तुटक्या पेशींना शिस्टोसाइट म्हणतात. किमान हजार तांबड्या पेशी मोजायच्या आणि त्यात तुकडे किती ते पाहायचं. प्रौढात एक टक्क्याहून जास्त आणि प्लेटलेटही कमी, तर धोक्याची खूण समजायची. आपल्या दोन्ही काचांत हजारात चाळीस-पन्नास तुकडे आहेत. शिवाय निळसर झाकेच्या, नुकत्याच हाडांतल्या मज्जेतून सुटलेल्या मोठ्या पेशी आहेत. रक्त वेगानं मोडतंय आणि मज्जा भर घालायची धडपड करते आहे, असा त्याचा अर्थ.

आता मुद्द्याची गोष्ट. या दोन काचांची लेबलं कोणी पुसून टाकली, तर कोणती बाईची आणि कोणती मुलाची हे केवळ तुकडे पाहून मी सांगू शकणार नाही. आणि हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

याचं कारण असं की तुकडे होण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. अगदी बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकते, वाट अरुंद होते आणि त्या चिमटीतून दाबानं ढकललेली पेशी चिरली जाते. प्लेटलेट त्या गुठळ्यांतच खपतात, म्हणून त्यांचा आकडा घसरतो. या सगळ्या प्रकाराला मिळून थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण ते आजाराचं नव्हे, घडलेल्या प्रकाराचं नाव. गुठळी का झाली, हा प्रश्न तसाच उरतो.

बाईच्या बाबतीत उत्तर रक्तातच आहे. रक्तवाहिनीचं अस्तर व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं प्रथिन सोडतं. ते लांब दोऱ्यासारखं असतं आणि प्लेटलेट त्याला चिकटतात. दोरा फार लांब राहू नये म्हणून ॲडॅमटीएस-13 नावाचं विकर त्याला जागोजाग कापतं. बाईच्या शरीरानं याच विकराविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या. कात्री गेली, दोरे लांबच राहिले आणि वेगानं वाहणाऱ्या रक्तात त्यांवर प्लेटलेटची माळ गुंफली गेली. हा टीटीपी, म्हणजे थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा. एली मॉशकोविट्झ यांनी 1924 साली पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं, पण कात्रीचा पत्ता लागायला 1996 उजाडलं. या गुठळ्या मेंदूत, हृदयात, कुठेही होतात. मूत्रपिंडं मात्र बऱ्यापैकी बचावतात. जन्मतःच विकर नसणारेही काही असतात, पण ते विरळा.

मुलाच्या बाबतीत गुन्हेगार बाहेरून आला. ई. कोलाय जिवाणूच्या काही जाती शिगा टॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते आतड्यातून रक्तात उतरतं आणि ज्या पेशींवर त्याला चिकटायला ठरावीक जागा असते तिथे बसतं. मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या बारीक वाहिन्यांच्या अस्तरावर अशा जागा भरपूर असतात. अस्तर सुजतं, सोलवटतं आणि तिथेच गुठळ्या धरतात. हा एचयूएस, हिमोलायटिक युरेमिक सिंड्रोम. म्हणून मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन मुलाचं 3.4 आणि बाईचं 1.1. जुलाब सुरू झाल्यावर साधारण पाच ते दहा दिवसांनी हे उमटतं, म्हणजे पोट बरं व्हायला लागल्यावर. आई-बाप निर्धास्त होतात तेव्हाच, हे या आजाराचं दुष्टपण. 2011 साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून अशी मोठी साथ पसरली होती, आणि तिथे मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त आजारी पडली.

तेव्हा काच काय सांगते आणि काय नाही, हे नीट लक्षात ठेवायचं. काच म्हणते, पेशी चिरल्या जात आहेत. कोणी चिरल्या ते प्लेटलेट किती घसरल्या, मूत्रपिंडं कशी आहेत आणि आधी काय झालं होतं यावरून अंदाजावं लागतं. प्लेटलेट 30 हजारांच्या खाली आणि क्रिएटिनिन 2च्या आत असलं, तर पारडं टीटीपीकडे झुकतं. रक्त गोठण्याच्या चाचण्या दोन्हींत बहुधा ठीक असतात. त्या बिघडलेल्या असल्या, तर तिसऱ्याच वाटेनं विचार करायचा.

काचेत फसगतही होते. मशीन कधी कधी तांबड्या पेशींचे बारीक तुकडे प्लेटलेट म्हणून मोजतं आणि आकडा खोटा वाढतो, म्हणून डोळ्यांनी पडताळणं सुटत नाही. बी-12च्या तीव्र कमतरतेतही तुकडे दिसतात, पण तिथे तांबड्या पेशी मोठ्या असतात आणि मज्जा गप्प असते. निळसर पेशी शोधून सापडत नाहीत. आणि टीटीपीच्या पहिल्या दिवशी तुकडे तुरळक असू शकतात. संशय असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काच करायची.

बाईची काच पाहिल्यावर मी रिपोर्ट टाइप करत बसत नाही, वॉर्डात फोन करतो. ॲडॅमटीएस-13चा नमुना प्लाझ्मा देण्याआधी घ्या, नाहीतर दिलेल्या प्लाझ्मातलं विकर मोजलं जाईल. पण उत्तराची वाट पाहू नका, प्लाझ्मा एक्सचेंज, म्हणजे तिच्या रक्तातला प्लाझ्मा काढून दात्याचा घालणं, आजच सुरू करा. उपचाराविना दहापैकी जवळजवळ नऊ रुग्ण दगावत असत. आणि प्लेटलेट कमी आहेत म्हणून प्लेटलेट चढवायची घाई करू नका, जीवघेणा रक्तस्राव नसेल तर. मुलाला मात्र प्लाझ्मा एक्सचेंजचा फायदा सिद्ध झालेला नाही. तिथे पाणी आणि क्षार जपून सांभाळायचे, रक्त लागलं तर द्यायचं आणि वेळ पडली तर डायलिसिस. या प्रकारच्या जुलाबात अँटिबायोटिक सहसा टाळतात, कारण जिवाणू मरताना जास्त विष सुटण्याची भीती असते.

पाच दिवसांनी बाईचा नमुना पुन्हा येतो. विकराचा अहवालही आलेला असतो: दहा टक्क्यांच्या खाली. मुलाचा सत्तर टक्के. तिच्या प्लेटलेट 1 लाख 40 हजारांवर गेल्या आहेत आणि तिला शब्द सापडू लागले आहेत. काचेवर मात्र त्रिकोणी तुकडे अजून दिसतात. पूर्वी चिरलेले आहेत, प्लीहा हळूहळू त्यांना गाळून काढेल. वॉर्डातला तरुण डॉक्टर घाबरून विचारतो, "सर, शिस्टोसाइट अजून आहेत, आजार उलटला का?" मी त्याला एवढंच म्हणतो, "तुकडे नको मोजूस, प्लेटलेट मोज."