आधी मळमळ, मग पिवळेपणा

कावीळ म्हटली की आपण आधी डोळे बघतो. पण व्हायरल हिपॅटायटिसमध्ये, म्हणजे विषाणूमुळे यकृताला आलेल्या सुजेत, डोळे पिवळे व्हायच्या कितीतरी दिवस आधी अन्नावरची वासना उडालेली असते. हिपॅटायटिस ‘ए’ झालेला एखादा तरुण घ्या. आधी बारीक ताप, अंग मोडून येणं, फोडणीच्या वासानेही शिसारी. सिगारेट ओढणारा असेल तर तीही नकोशी होते. सगळे म्हणतात, पित्त झालंय. पाच-सहा दिवसांनी लघवी गर्द होते, आणि त्यानंतर डोळे पिवळे.

म्हणजे मळमळ त्या पिवळ्या रंगामुळे, बिलिरुबिनमुळे, होत नाही. गिल्बर्ट सिंड्रोम असलेल्या माणसाचं बिलिरुबिन अधूनमधून वाढतं, डोळे पिवळसर दिसतात, पण यकृताला सूज नसते आणि त्याचं जेवण सहसा नीट चालू असतं.

मग भूक जाते कशाने? हा विषाणू यकृताच्या पेशींत वाढतो, पण त्या पेशींची बरीचशी नासधूस आपलीच प्रतिकारशक्ती विषाणूला संपवताना करते. या झटापटीत सायटोकाइन नावाची रसायनं रक्तात उतरतात. ती मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांपर्यंत संदेश पोचवतात आणि भूक मंदावते. शिवाय यकृत सुजलं की त्याचं आवरण ताणलं जातं, उजव्या बरगडीखाली जड वाटतं.

तेलकटाचा राग वेगळा समजून घेऊ. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोचले की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं, आणि ते जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं. निरोगी माणसाला यातून पोट भरल्याचं समाधान मिळतं. आधीच मळमळणाऱ्याला तेच असह्य होतं. पुढे यकृतातून पित्त कमी उतरू लागलं की स्निग्ध पदार्थ पचायलाही अडचण येते आणि शौचाचा रंग फिकटतो. पण शिसारी बहुधा त्याआधीच सुरू झालेली असते, त्यामुळे सगळं खापर पित्ताच्या कमतरतेवर फोडता येत नाही.

गंमत पुढे आहे. याच तरुणाचे डोळे हळदीसारखे होतात, रिपोर्टमध्ये बिलिरुबिन ८, घरचे घाबरलेले, आणि हा म्हणतो, भूक लागलीय! अशा वेळी त्याला उपाशी ठेवू नका. भूक परतणं हे चांगलं लक्षण आहे. बिलिरुबिन उतरायला त्यानंतरही आठवडे लागतात. तेल-तूप पूर्ण बंद केल्याने यकृत लवकर बरं होतं, असं सिद्ध झालेलं नाही. सोसत नाही तोवर टाळावं, एवढंच. मळमळ बहुधा दिवस चढेल तशी वाढते, म्हणून मोठं जेवण सकाळी द्यावं.

उलट डोळे पिवळे झाल्यावर उलट्या वाढल्या, माणूस गुंगीत जाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तडक हॉस्पिटल गाठा. तिथे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे बघतात, कारण ते गोठवणारे बरेचसे घटक यकृतच बनवतं. एसजीपीटी हे यकृताच्या पेशी नष्ट होताना रक्तात उतरणारं एन्झाइम. अशा रुग्णाचा एसजीपीटी एकदम उतरलेला दिसला तरी हायसं वाटून घेऊ नका. गोठण्याचा वेळ वाढत असेल, तर नष्ट व्हायला पेशीच फारशा उरलेल्या नाहीत, असाही त्याचा अर्थ असू शकतो.